मिसाफिर

रत्नानं डिशवॉशरमध्ये लावलेल्या ताटल्या चैत्राली एकेक करून बाहेर काढत होती आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून पुन्हा लावत होती. आवाज होऊ नये याची काळजी घेत होती, आणि त्या काळजीमुळेच रत्नाचं लक्ष गेलं. शनिवारची सकाळ होती. रत्ना टेबल पुसून झाल्यावर फडकं धुवायला सिंककडे वळली आणि दोघींची नजरानजर झाली. चैत्राली हसली. तिचं हसू खोटं नव्हतं. "राहू द्या ना आई," ती म्हणाली, "तुम्ही पाहुण्या आहात इथे. आराम करा." मग रत्नाच्या हातातलं फडकं तिनं हळूच काढून घेतलं, पिळून नळावर टाकलं, आणि लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर गेली. तिच्या टीमचं काहीतरी रिलीज होतं, म्हणून ती आज बाकीच्यांबरोबर डेटनला फिरायला येणार नव्हती. रत्ना रिकाम्या हातांनी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. हात ओले होते. ते कुठे पुसायचे हे तिला सुचेना, कारण फडकं आता तिचं नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर बसल्यावरही तो शब्द तिच्या कानातून जाईना. शब्दांच्या बाबतीत तिचे कान पहिल्यापासून हट्टी. नागपूरच्या आकाशवाणीवर निवेदिका म्हणून सगळी नोकरी गेली, त्यामुळे लोक काय म्हणाले याच्या आधी कसं म्हणाले ते तिला ऐकू यायचं. पाहुणी. चैत्रालीनं तो शब्द वाकडा उच्चारला नव्हता, उलट त्यात थोडी माया होती. पण मायेनं म्हटल्यामुळे तो जास्त आत गेला. लहानपणी आजोळी सगळे तिला चार दिवसांची पाहुणी म्हणायचे. लग्नानंतर आई तेच म्हणायची, आणि तेव्हा त्यात कौतुक असायचं, ताटात तूप जास्त पडायचं. सासरी कुणी पाहुणी म्हटलं नाही, पण स्वयंपाकघरातले डबे कुठे ठेवायचे हे तिनं ठरवायला बरीच वर्षं लागली. मग यजमान, अरुण, गेले, मुलगा परीक्षित इकडे आला, आणि धरमपेठेतल्या घरात सगळे डबे तिच्या मनासारखे झाले. तेव्हा ते बघायला कुणी उरलं नव्हतं. आता इथे, डब्लिनमध्ये, ओहायोतल्या या नीटनेटक्या उपनगरात, जिथे प्रत्येक घरासमोरचं गवत एकाच उंचीचं असतं, ती पुन्हा पाहुणी झाली होती. शिकागोच्या विमानतळावर काचेमागच्या माणसानं विचारलं होतं, येण्याचा उद्देश काय. मुलाकडे आलेय म्हणणार तोच परीक्षितनं फोनवर बजावलेलं आठवलं, आणि तिनं रेडिओवरच्या स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं होतं, "टूरिस्ट." त्या माणसानं शिक्का मारला. एवढं सोपं होतं ते.

पण गेल्या आठवड्यात परीक्षितनं विषय काढला होता. तो आता इथला नागरिक होता. "आई, तुझ्या ग्रीन कार्डसाठी अप्लाय करू या. मग सारखं ये-जा नको. इथेच राहा आमच्याकडे. नागपूरला एकटीनं काय करणार आहेस?" तिनं विचार करून सांगते म्हटलं होतं. आमच्याकडे. हाही एक शब्द. तो काही वाईट हेतूनं बोलला नव्हता, पण आमच्याकडे म्हटलं की बोलणारा दाराच्या आत असतो आणि ऐकणारा बाहेर. उद्या रविवारी वकिलाशी बोलायचं होतं. म्हणजे आज काहीतरी ठरवायला हवं होतं, आणि ती खिडकीतून मक्याची शेतं बघत ठरवायचं टाळत होती. हिरवी, सपाट, कुठेच न संपणारी शेतं. विदर्भातही सपाटी असते, पण तिथे मधे एखादं बाभळीचं झाड उभं असतं आणि त्यामुळे नजर थांबते.

डेटनचं विमानांचं संग्रहालय केयाला बघायचं होतं. रत्नाची नात नऊ वर्षांची, आणि विमान हा तिचा सध्याचा धर्म. प्रचंड हँगरमध्ये छताला टांगलेल्या विमानांखालून फिरताना ती इंग्रजीत सांगत होती आणि रत्ना मराठीत विचारत होती, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. दुपारी परतताना केयाला आइस्क्रीम हवं झालं. ते शोधताना परीक्षित हायवे सोडून जुन्या वस्तीत शिरला, आणि एका वळणावर गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं. थोडं पुढे जाऊन गाडी एका बाजूला कलली. परीक्षितनं उतरून पाहिलं. टायर फाटला होता आणि रिमही वाकली होती. या नव्या गाड्यांत स्टेपनी नसते हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं डिकी उघडून एकदा पाहिलं. मग फोन. मदत येईल, पण वेळ लागेल, शनिवार आहे. "काय यार," तो स्वतःशी म्हणाला आणि कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिला. त्या क्षणी तो अगदी अरुणसारखा दिसला.

रस्ता साधा होता. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं, पुढे व्हरांडे, काही खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, आणि त्यांच्यामधे काही घरं मात्र ताज्या रंगाची, अंगणात टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधलेली. ऊन होतं. रत्ना फुटपाथलगतच्या एका दगडी पायरीवर बसली. कुणाच्या घरची पायरी आहे याचा विचार तिनं केला नाही, आणि मग एकदम केला, आणि उठणार तोच वरच्या व्हरांड्यातून एक म्हातारी उतरून आली. ऐंशीच्या पुढची असावी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला, लांब स्कर्ट, वर लोकरी जाकीट, या उन्हातही. तिनं गाडीकडे पाहिलं, परीक्षितकडे पाहिलं, केयाच्या गालाला हात लावला, आणि मग रत्नासमोर उभी राहून एकच शब्द म्हणाली, "चाय."

ते विचारणं नव्हतं. आत काय आहे, ते ती नुसतं सांगत होती. रत्नाला क्षणभर वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. इतक्या महिन्यांत रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाच्या तोंडून तिनं ऐकलेला हा पहिला शब्द होता, जो समजायला इंग्रजीतून जावं लागलं नव्हतं. तिच्यामागून एक तिशीतली बाई आली, जीन्स, डोक्यावर काही नाही, आणि ओहायोच्या सपाट इंग्रजीत म्हणाली, "मी लैला, यांची सून. आम्ही सगळे यांना आजीच म्हणतो. त्या म्हणतायत आत चला. गाडी येईपर्यंत कशाला उन्हात बसता?" परीक्षितनं घाईघाईनं नाही, नको, थँक यू म्हटलं. मग मराठीत, हलक्या आवाजात, "आई, आपण ओळखत नाही यांना. उगाच त्रास." रत्नानं त्याच्याकडे पाहिलं. त्रास नको म्हणूनच ती पहाटे उठून आवाज न करता आंघोळ करायची, स्वतःचे कपडे हातानं धुवायची, दूध संपलं तरी सांगायची नाही. गेल्या काही महिन्यांचं तिचं सगळं जगणं या एका वाक्यात मावलं असतं. "तू थांब गाडीजवळ," ती म्हणाली आणि केयाचा हात धरून पायऱ्या चढली.

दारात चपला काढल्यावर लैलानं कपाटातून मऊ सपाता काढून दोघींच्या पायांपुढे ठेवल्या. आलेल्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात, कारण त्या घरातल्या इतर सपातांसारख्या झिजलेल्या नव्हत्या. "होश गेल्दिनिझ," म्हातारी म्हणाली. लैलानं सांगितलं, हे तुर्की, म्हणजे छान आलात. आणि याला उत्तर द्यायचं असतं, होश बुल्दुक, आम्हाला छान सापडलं. रत्नानं ते उत्तर लगेच म्हटलं, जसं ऐकलं तसं, स्वर जिथे लांबवायचा तिथे लांबवून. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. मग एका बाटलीतून दोघींच्या तळहातांवर लिंबाच्या वासाचं कोलन ओतलं. हातावर ते थंड झालं आणि उडून गेलं, आणि रत्नाला सकाळपासूनचे आपले हात पहिल्यांदाच कोरडे वाटले. तिला दारापासून सगळ्यात लांबच्या कोचावर, खिडकीखाली, उशी पाठीला लावून बसवण्यात आलं. ती सवयीनं काठावर टेकली होती, तर म्हातारीनं खांद्यांना धरून मागे सरकवलं. म्हातारीचं नाव गुलिझार. फुलांशी काहीतरी संबंध असणार, रत्नाच्या मनात आलं. आकाशवाणीच्या उर्दू कार्यक्रमांत अशी नावं असत, आणि ती नीट उच्चारली नाहीत तर मुन्शी नावाचे सहकारी दारातून आत डोकावून एका भुवईनं चूक दाखवत.

चहा यायला वेळ लागला आणि कुणालाच त्याची घाई नव्हती. स्वयंपाकघर तिथूनच दिसत होतं. स्टोव्हवर एकावर एक अशा दोन किटल्या होत्या. खालच्या मोठीत पाणी उकळत होतं आणि तिच्या वाफेवर बसलेल्या वरच्या छोटीत चहा मुरत होता. केया जाऊन बघून आली आणि म्हणाली, "आजी, इट्स अ डबल डेकर." लैलानं कमरेत बारीक असलेल्या लहान काचेच्या पेल्यांत आधी वरच्या किटलीतला गडद अर्क थोडासा ओतला, मग खालच्या किटलीतलं उकळतं पाणी, आणि प्रत्येक पेला उजेडाकडे धरून रंग पाहिला. एकात पाणी वाढवलं. "तुमचा हलका केलाय," ती म्हणाली. "सवय नसली तर झोप उडते. आजी स्वतःचा सशाच्या रक्तासारखा लाल घेतात, आम्ही तसंच म्हणतो." दूध नव्हतं. बशीत छोटा चमचा, बाजूला साखरेच्या वड्या. गुलिझारनं साखर पेल्यात न टाकता दातांत धरली आणि तिच्यावरून चहा ओढला. रत्नानं तसंच करून पाहिलं. आधी जिभेवर कडू आलं, मग त्या कडूतूनच गोड निघालं. पेला एवढा गरम की फक्त वरच्या काठाला दोन बोटांनी धरावा लागे. त्यामुळे घाईनं पिणं शक्यच नव्हतं, आणि बसून राहण्यासाठी वेगळं कारण लागत नव्हतं. टेबलावर हळूहळू जर्दाळू आले, अक्रोड, चेरीचा मुरांबा, तळलेल्या फुगीर पोळ्या. "शेकेर," गुलिझार साखरेकडे बोट दाखवून म्हणाली. "साखर," रत्ना म्हणाली. "हावा," खिडकीबाहेर बोट. "हवा." "दुन्या," दोन्ही हात पसरून. "दुनिया." दोघी हसल्या. रत्नाला वाटलं, हे शब्द आपल्याही आधी कधीतरी याच रस्त्यानं इकडून तिकडे गेले असतील, आणि जिथे गेले तिथे राहिले असतील.

पेला रिकामा झाला तशी लैला भरायला उठली. रत्नाला ओशाळल्यासारखं झालं. ती उठली, रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाली. दोन पावलंही झाली नसतील, गुलिझारनं तिचं मनगट धरलं. पकड म्हातारीची नव्हती. "योक, योक," ती म्हणाली, बशा काढून घेतल्या, आणि रत्नाच्या छातीकडे बोट करून म्हणाली, "मिसाफिर."

तो शब्द रत्नाला लगेच ओळखीचा वाटला, आणि तिनं लगेच चूक केली. फर्माइशीच्या कार्यक्रमात दर पाचव्या गाण्यात तो असायचा. मुसाफिर. ज्याची वाट संपत नाही, ज्याला कुणी थांबवत नाही, सकाळी उठून पुढे जायचंच आहे असा माणूस. तो शब्द उच्चारताना तिचा आवाज आपोआप थोडा खाली उतरायचा. तिनं मान हलवली, हातानं विमान उडवलं, हवेत बॅग उचलली, आणि इंग्रजीत म्हणाली, "हो, मुसाफिर. टूरिस्ट. व्हिसा. ऑक्टोबरात परत." बोलताना तिला जाणवलं की आपण उगाच खुलासा देतोय, काचेमागच्या माणसाला द्यावा तसा.

गुलिझारनं सुनेकडे पाहिलं. लैला हसून म्हणाली, "नाही, नाही. प्रवास करतो तो योल्जू. योल म्हणजे रस्ता. रस्त्यावरचा तो योल्जू. मिसाफिर म्हणजे घरात आलेला. तुम्ही गेस्ट म्हणता ना, तो." रत्ना म्हणाली, "पण आमच्याकडे हाच शब्द रस्त्यावरच्या माणसाचा आहे. आणि मुळात अरबीतही प्रवास करणाराच." मुन्शींनी सांगितलेलं तिला पक्कं आठवत होतं, सफर, मुसाफिर, एकाच मुळाचे. लैलानं ते सासूला सांगितलं. गुलिझारनं बशा खाली ठेवल्या. रत्नाशेजारी येऊन बसली, पाय वर घेतले, आणि बोलू लागली. मधेमधे थांबत होती, म्हणजे लैलाला इंग्रजी करायला वेळ मिळेल. पण तिच्या थांबण्यात सवय होती, जणू ही गोष्ट ती नेहमी अशीच, कुणीतरी मधे उभं असताना, सांगत आली होती.

ती म्हणाली, आमचं गाव सोव्हिएत जॉर्जियातल्या डोंगरात होतं. मला ते आठवत नाही, मी आईच्या पाठीवर होते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. सरकारनं एके दिवशी आम्हा सगळ्या तुर्कांना गुरांच्या डब्यांत भरलं आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडलं. थंडी होती. तिथल्या गावात सांगून ठेवलेलं की वाईट माणसं येतायत, दारं उघडू नका. आम्हाला एक मोडका गोठा मिळाला. तिथले लोक आम्हाला मुसोफिर म्हणायचे. हाच शब्द. त्यांच्याकडे त्याचा अर्थ तुमच्यासारखाच. मुलखावेगळा झालेला, इथला नसलेला. पाहुण्याला ते मेहमोन म्हणतात. आम्ही मेहमोन नव्हतो. आई म्हणायची, सगळ्या गावाच्या तोंडी माझाच शब्द आहे, पण उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा. मग एक दिवस शेजारची उझबेक बाई दारात आली. विस्तव मागायला आली असेल किंवा आम्ही कसली माणसं आहोत ते बघायला. आईनं तिला आत घेतलं. घरात एकच वाडगा होता. चहा नव्हता. वाळवलेल्या सफरचंदाच्या साली पाण्यात उकळल्या, वाडगा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, मिसाफिर. त्या बाईनं तो पिऊन संपवला. आई सांगायची, तोपर्यंत तो गोठा होता. तिनं वाडगा खाली ठेवला तेव्हा ते घर झालं.

गुलिझार थांबली. चहा ओढला. लैला पुढचं इंग्रजीत सांगताना शब्द शोधू लागली. "आमच्यात होस्टला एव साहिबी म्हणतात. एव म्हणजे घर. घराचा..." "साहिब," रत्ना म्हणाली. "घराचा धनी." "हो. आजी म्हणतात, कागदानं त्या कधीच कुठे एव साहिबी झाल्या नाहीत. उझबेकिस्तानात दंगे झाले तेव्हा रशियाला गेलो. तिथे तर राहण्याची नोंदसुद्धा कुणी करेना, म्हणायचे तुम्ही तात्पुरते. मग इथे. हे घर फळ्या ठोकलेलं पडकं होतं, नवऱ्यानं आणि दिरांनी उभं केलं. पण आजी म्हणतात, घराचा धनी व्हायला घर लागत नाही, मिसाफिर लागतो. तो आला की तुम्ही धनी. म्हणून आमच्यात म्हण आहे, मिसाफिर दहा किस्मेत, म्हणजे नशिबाचे दहा वाटे, घेऊन येतो. एक स्वतः खातो, नऊ घरात ठेवून जातो." गुलिझारनं दहा बोटं दाखवली, एक मिटलं. आणि मग रत्नाच्या हातातल्या पेल्याकडे मान उडवली, पी म्हणून.

रत्ना प्यायली. एकच शब्द. पहिला एक स्वर इकडे बसला की माणूस रस्त्यावर, तिकडे बसला की कोचावर, पाठीला उशी. माणूस तोच. त्याला दारातून कुणी बघतंय की नाही एवढाच फरक. तिला चैत्राली दिसली, नळावर फडकं टाकणारी. चैत्रालीनं तिला पाहुणी म्हटलं तेव्हा ती दार लावत होती असं तिला सकाळपासून वाटत होतं. पण ती कदाचित स्वतःला आत उभं करून बघत असेल, की आता तरी हे घर माझं वाटतंय का. पुण्याहून थेट या देशात आलेली मुलगी. हे घर घेतल्यावर तिच्याकडे घरातलं म्हणून पहिलं माणूस आलं ते सासू. आणि त्या सासूनं पाहुणी व्हायचं नाकारलं. रोज पहाटे उठून, तिच्या आधी ओटा पुसून, डबे हलवून, कमी खाऊन, काही न मागून. हे सगळं करताना रत्नाला वाटत होतं आपण भार होत नाही आहोत. तिनं तिथे एकही किस्मत ठेवली नव्हती. कुणाला धनी होऊ दिलं नव्हतं. हा विचार तिला दुखला नाही, फक्त स्पष्ट दिसला, खिडकीबाहेरच्या टोमॅटोसारखा. आणि त्याच्यामागून दुसरा आला, जरा खट्याळ. मग आपण? आपल्याला कोण धनी करणार?

बाहेर परीक्षित दिसला. लैलाचा नवरा ट्रकवरून परतला होता आणि दोघं मिळून चाकाजवळ वाकले होते. थोड्या वेळानं दोघंही आत आले, हात काळे करून. परीक्षितच्या तळहातांवरही कोलन ओतलं गेलं, पायांत सपाता आल्या, आणि तोही कोचावर मागे सरकवला गेला. लैला त्याच्या पेल्यात तिसऱ्यांदा चहा ओतत होती तेव्हा तो रत्नाच्या कानाशी म्हणाला, "आई, हे थांबवायचं कसं? मी नाही म्हणतोय तरी येतोच आहे." लैलाला शब्द कळले नसतील पण सूर कळला. तिनं स्वतःचा चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवून दाखवला. असं केलं की पुरे. नुसतं नको म्हटलेलं आम्ही ऐकत नाही. परीक्षितनं चमचा आडवा ठेवला. रत्नानं ठेवला नाही. तिनं आणखी एक घेतला.

निघताना दारात गुलिझारनं केयाच्या खिशात अक्रोड भरले. रत्ना तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली, आणि लैलाकडे बघून म्हणाली, "यांना सांगा, पुढच्या रविवारी माझ्याकडे यायचं. चहाला." ती माझ्याकडे म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. परीक्षितलाही आलं असावं, कारण तो चपला घालता घालता थांबला. लैलानं विचारलं, डब्लिन म्हणजे कोलंबसजवळ ना, दीडेक तासाचा ड्राइव्ह आहे. सासूनं उत्तर ऐकायच्या आधीच मान डोलावली होती.

गाडीत केया झोपली. आता चौथं चाक लैलाच्या नवऱ्यानं बसवून दिलेलं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं, आणि परीक्षित सावकाश चालवत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "चैत्रालीला विचारायला हवं होतं ना आधी? तिचं रिलीज चालू आहे." "मी सांगते तिला." "आणि उद्याचं? वकिलाचं?" मक्याच्या शेतांवर ऊन उतरत होतं. रत्ना म्हणाली, "नको रे ते. मी ऑक्टोबरात जाईन. पुढच्या उन्हाळ्यात बोलाव, मी येईन. त्याच्या पुढच्याही येईन. झेपेल तोवर येत राहीन, आणि झेपेनासं झालं की मग बघू." "पण एकटी तिथे..." "तिथे माझ्याकडे तुम्ही या ना. केव्हापासून आला नाहीत. तुम्ही येता तेव्हा हॉटेल बुक करता, घरात एसी नाही म्हणून." हे तक्रारीच्या सुरात नव्हतं. परीक्षितनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. तो दुखावला होता थोडा, हे तिला दिसलं. मुलगा म्हणून त्याला आईला ठेवून घ्यायचं होतं आणि आई येऊन-जाऊन राहीन म्हणत होती. तिनं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डब्लिन येईपर्यंत तसाच राहू दिला.

चैत्रालीला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. चैत्रालीनं लॅपटॉप मिटला. ओळख नाही, भाषा नाही, त्यांना काय चालतं माहीत नाही. "ठीक आहे," म्हणाली, तशा वेळी म्हणतात तसं. आठवडाभर घरात थोडा ताण होता आणि रत्नानं तो हलका करायला काही केलं नाही. ती पहाटे उठली नाही. चैत्रालीनं केलेला चहा तिनं बसल्या जागी घेतला, आणि एकदा तर म्हणाली, "आज साखर कमी पडली गं." चैत्रालीनं चमकून पाहिलं, साखर आणून दिली, आणि दिवसभर जरा गोंधळल्यासारखी पण हलकी वावरत राहिली.

रविवारी गुलिझार, लैला आणि तिचा नवरा आले. हातात तळलेल्या पोळ्यांचा डबा. रत्नानं पुडाच्या वड्या केल्या होत्या. नागपूरला सांबार म्हणतात ती कोथिंबीर इथे मुबलक मिळाली. दारात स्वागताला कोण जाणार हे ठरलं नव्हतं. रत्ना गेली. "या," ती म्हणाली, "छान आलात." आणि गुलिझारनं आपल्या भाषेत उत्तर दिलं. दुधाचा, आल्याचा चहा तिनं पहिल्यांदा नाकाशी नेला, मग प्यायली, मग अर्ध्यावर भुवया उंचावून लैलाला काहीतरी म्हणाली. लैला हसत म्हणाली, "त्या म्हणतात, मिसाफिर मनात असतं ते खात नाही, समोर येतं ते खातो. ही म्हण आहे आमची. पण पुढे म्हणतात, की हे मनात नव्हतं तरी चांगलं आहे." सगळे हसले, आणि चैत्राली सगळ्यात मोठ्यानं. वड्या संपत आल्या तशी ती स्वयंपाकघराच्या दारातून रत्नाला म्हणाली, "आई, आणखी तळू का? तुम्ही सांगा." थोड्या वेळानं रत्ना त्यांना वरच्या खोल्या दाखवायला निघाली आणि अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाली, "चैत्राली, तू दाखव गं. तुझं घर तू जास्त छान सांगशील." चैत्रालीनं दाखवलं. तिच्या बोलण्याचा आवाज वरून येत राहिला, हा पडदा कुठून घेतला, ही भिंत आम्ही स्वतः रंगवली. रत्नानं इतक्या महिन्यांत हे कधी विचारलं नव्हतं, आणि ती खालून ऐकत होती.

ते गेले तेव्हा उन्हं कलली होती. परीक्षित केयाला घेऊन त्यांच्या गाडीमागून कोपऱ्यापर्यंत चालत गेला. घरात शांतता झाली. टेबलावर कप, बशा, तुकडे, सांडलेली साखर. रत्नाचा हात सवयीनं पुढे झाला आणि थांबला. चैत्राली आत आली, सगळ्या पसाऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न आवरता सरळ सोफ्यावर आडवी झाली. पाय लांब केले, ओढणी खाली घसरू दिली, डोळे मिटले. सासूसमोर ती अशी कधी पडली नव्हती. इतके महिने ती स्वतःच्या घरात पाठ ताठ ठेवून वावरत होती, हे रत्नाला आत्ता, ती पाठ टेकल्यावर, कळलं.

"परीक्षित म्हणाला, तुम्ही ग्रीन कार्डला नाही म्हणालात," चैत्राली डोळे मिटूनच म्हणाली.

"हो."

"माझ्यामुळे?"

रत्ना तिच्या पायांशी बसली. तिनं घाईनं नाही म्हटलं नाही. आधी नीट विचार केला, कारण मुलगी खरं विचारत होती. "तुझ्यामुळे पुढच्या वर्षी येणार आहे," ती म्हणाली. "बोलावशील ना?"

चैत्रालीनं मान डोलावली. मग झोप येऊ लागलेल्या आवाजात म्हणाली, "आई, पातेल्यात चहा उरलाय का हो थोडा? द्याल?"

रत्ना उठली, चहा गरम करायला ठेवला आणि तो वर येईपर्यंत ओट्याशी उभी राहिली.